फोनवरचं तमिळ : इंदूरच्या एका कार्यालयातलं प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरच्या रामबाग भागात एक छोटं कार्यालय आहे. रुग्णालयं, पतसंस्था आणि कंपन्यांसाठी वेगवेगळ्या भाषांमध्ये फोनवर ऐकवायचे संदेश तयार करणं हा त्यांचा व्यवसाय. मालक मराठी आहेत आणि हाताखालची बहुतेक माणसंही इंदूरच्या जुन्या मराठी घरांतली आहेत. भाषेची काही अडचण आली की ते मला बोलावतात, आणि याही कामात त्यांनी मला मध्येच बोलावलं. रुग्णालयाचं नाव, गाव आणि माणसांची नावं मी मुद्दाम गाळली आहेत. बाकीचा घटनाक्रम जसा घडला तसा दिला आहे.

तमिळनाडूतल्या एका नेत्ररुग्णालयाला मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन घरी गेलेल्या रुग्णांना फोनवरून सूचना ऐकवायच्या होत्या. सूचना साध्या होत्या. थेंबांचं औषध ठरल्या वेळी घालायचं. दोन वेगळी औषधं असतील तर पहिल्यानंतर पाच मिनिटं थांबून मग दुसरं घालायचं, कारण डोळ्यात जेमतेम एका थेंबाची जागा असते आणि लगेच घातलेला दुसरा थेंब पहिल्याला बाहेर ढकलतो. डोळा चोळायचा नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. डोळा लाल झाला, दुखायला लागला किंवा नजर कमी झाली तर वाट न बघता रुग्णालयात यायचं. ही शेवटची सूचना सगळ्यात महत्त्वाची होती. शस्त्रक्रियेनंतर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला तर काही तासांच्या उशिरानेही नजर जाऊ शकते.

कार्यालयाने नेहमीच्या पद्धतीनेच काम केलं. इंग्रजी मजकूर तमिळ भाषांतरकाराकडे गेला. हे गृहस्थ निवृत्त तमिळ शिक्षक होते आणि त्यांचं काम अतिशय नेटकं होतं. त्यांचा मजकूर चेन्नईच्या एका व्यावसायिक निवेदिकेने वाचला, इंदूरला तो स्वच्छ करून सहा छोट्या संदेशांमध्ये कापला, रुग्णालयाने मजकूर कागदावर तपासून मान्य केला आणि फोन सुरू झाले. याच पद्धतीने या कार्यालयाने हिंदी आणि मराठी संदेश कितीतरी वेळा केले होते आणि ते चांगले चालले होते. त्यामुळे तमिळच्या बाबतीत काही निराळं करायला हवं, असं कुणाच्या मनात येण्याचं कारण नव्हतं.

काय बिघडलं

तपासणीसाठी परत आलेल्या रुग्णांशी तिथल्या समुपदेशक बाई बोलायच्या. त्यांच्या लक्षात आलं की फोन गेलेल्या रुग्णांपैकी अनेक जण दोन्ही औषधं एकापाठोपाठ एक घालतायत. फोन आला होता का, असं विचारलं तर बहुतेक जण हो म्हणायचे. काय सांगितलं होतं, असं विचारलं की उत्तरं गमतीदार नव्हती, काळजीची होती. काहींना ती सरकारी घोषणा वाटली होती. कुणाला निवडणुकीचा फोन वाटला. एका आजीबाईंनी तर रेडिओवरच्या बातम्या चुकून फोनवर लागल्या असं समजून फोन नातवाकडे दिला होता.

रुग्णालयाने इंदूरला कळवलं की आवाज फार औपचारिक वाटतो, जरा प्रेमळ आवाजात पुन्हा करा. कार्यालयाने निवेदिका बदलली. नव्या बाईंचा आवाज खरोखरच मायाळू होता. पण तक्रार तीच राहिली. मालकांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा प्रश्न असा होता : "ताई, भाषांतर चुकलंय का? पण तिकडचे लोक म्हणतात एकही चूक नाही."

भाषांतरात खरंच एकही चूक नव्हती.

तमिळची दोन रूपं

तमिळमध्ये लिहायचं रूप आणि बोलायचं रूप ही दोन निरनिराळी आहेत आणि दोघांत बरंच अंतर आहे. वर्तमानपत्र, पाठ्यपुस्तक, बातम्या, व्यासपीठावरचं भाषण, सरकारी पत्र हे सगळं लेखी रूपात. घरात, बाजारात, बसमध्ये, डॉक्टरांशी, बँकेच्या खिडकीवर सगळं बोली रूपात. अशा परिस्थितीला भाषाशास्त्रात डायग्लॉसिया म्हणतात. चार्ल्स फर्ग्युसन यांनी 1959 साली एका लेखात ही संकल्पना नीट मांडली. अरबी, ग्रीक, स्वित्झर्लंडमधली जर्मन आणि हैतीची क्रिओल ही त्यांची चार उदाहरणं होती. त्यांनी एक बारीक निरीक्षण नोंदवलं आहे, ते या प्रकरणात मला फार उपयोगी पडलं : अशा समाजात लोक वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात ते लेखी रूपात, आणि त्यावर चर्चा करतात ती बोली रूपात.

कार्यालयातल्या एका तरुण सहकाऱ्याने लगेच विचारलं की आपणही घरी इंदुरी मराठी बोलतो आणि मासिकात वेगळी मराठी वाचतो, मग आपलंही तेच नाही का? प्रश्न चांगला होता आणि पुढचे सगळे निर्णय त्याच्या उत्तरावर उभे राहिले. इंदूरच्या मराठीवर हिंदीचा आणि माळवीचा रंग आहे, हे खरं. पण मासिकात जी मराठी छापली जाते तिच्या अगदी जवळची मराठी पुण्यातल्या कितीतरी घरांत मुलं आईच्या मांडीवर शिकतात. ती कुणाची तरी घरची भाषा आहे. तमिळचं लेखी रूप मात्र कुणाच्याच घरात बोललं जात नाही. तमिळचे प्राध्यापकसुद्धा वर्गातून घरी आले की बायकोमुलांशी बोली रूपातच बोलतात. लेखी रूप प्रत्येकाला शाळेतच शिकावं लागतं. आणि जो शाळेत गेलाच नाही, त्याच्या कानावर ते रेडिओवरून आणि भाषणांतून पडतं, पण त्याच्या तोंडात कधी येत नाही.

मराठीत याच्याशी थोडंसं जुळणारं काही असेल तर ते 'केले, झाले, सांगितले' आणि 'केलं, झालं, सांगितलं' यांच्यातलं अंतर. छापताना पहिलं, बोलताना दुसरं. हे अंतर इतकं लहान आहे की मराठी निवेदक वाचता वाचता आपोआप 'केलं' म्हणतो आणि कुणाला काही खटकत नाही. तमिळमध्ये असं आपोआप होत नाही, कारण फरक क्रियापदाच्या शेवटापासून विभक्तीपर्यंत आणि शब्दांपर्यंत सगळीकडे पसरलेला आहे.

संदेशातलीच वाक्यं घेऊ. 'औषध डोळ्यात घालायला हवं' हे भाषांतरकाराने लिहिलं होतं 'मरुन्दैक् कण्णिल् इड वेण्डुम्'. रुग्णाच्या घरात हेच वाक्य 'मरुन्द कण्णुल विडणुम्' असं बोललं जातं. 'मरुन्दै'चा शेवट झिजून 'मरुन्द' झाला, 'कण्णिल्'चं 'कण्णुल' झालं, घालण्याचं क्रियापद बदललं आणि स्वतंत्र शब्द असलेला 'वेण्डुम्' आखडून क्रियापदाला चिकटलेला 'णुम्' झाला. 'पाच मिनिटं' लेखी रूपात 'ऐन्दु निमिडम्', बोलताना 'अंजु निमिषम्'. हा 'निमिष' आपल्या ओळखीचा आहे. 1916 साली मरैमलै अडिगळ यांनी सुरू केलेल्या शुद्ध तमिळ चळवळीचा लेखी भाषेवर मोठा प्रभाव पडला आणि संस्कृत वळणाचे पुष्कळ शब्द लिहिण्यातून मागे पडले, पण बोलण्यात ते तसेच राहिले.

आता ती महत्त्वाची सूचना. 'ताबडतोब रुग्णालयात या' लेखी रूपात 'उडनडियाग मरुत्तुवमनैक्कु वारुंगळ्' अशी होती. बोलताना ती 'ओडने आस्पत्तिरिक्कु वांग' अशी होते. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली आणि मोठ्याने म्हणून पाहिली, तेव्हा तमिळचा गंधही नसलेल्या आमच्या मालकांनाही कळलं की निवेदिका बदलून हे सुटणार नव्हतं.

आधी दुखणं ओळखायचं

इथे कार्यालयाला घाई होती. बोली रूपात पुन्हा ध्वनिमुद्रण करून टाकू, असं सगळ्यांचं मत पडलं. मी थांबायला सांगितलं, कारण दोन निरनिराळ्या अडचणी एकाच तक्रारीआड दडलेल्या असू शकत होत्या. एक, रुग्णांना शब्द समजत नव्हते. दोन, शब्द समजत होते पण हा फोन आपल्याला उद्देशून आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. पहिल्या अडचणीवर सोपे शब्द हा उपाय चालतो. दुसरीवर तो चालत नाही.

समुपदेशक बाईंनी एक साधी चाचणी केली. प्रतीक्षा कक्षात बसलेल्या काही रुग्णांना संदेश ऐकवायचा आणि मग 'समजलं का' असं न विचारता 'घरी सुनेला हे कसं सांगाल' असं विचारायचं. 'समजलं का' म्हटलं की माणूस भिडेने हो म्हणतो. दुसऱ्याला सांगायला लावलं की काय पोचलं आणि काय गळलं ते उघड होतं. रुग्णालयांत ही पद्धत परिचारिका अनेकदा वापरतात.

जे दिसलं ते दुपेडी होतं. शाळा शिकलेल्या रुग्णांना मुद्दाम बसवून ऐकवलं तर सगळं कळत होतं, आणि ते सुनेला सांगताना क्षणात बोली रूपात सांगायचे. म्हणजे फर्ग्युसन यांनी लिहिलं तेच : ऐकणं एका रूपात, सांगणं दुसऱ्या रूपात. पण घरी, चालत्या फोनवर, हेच लोक पहिल्या वाक्याला फोन ठेवत होते. न शिकलेल्या वयस्क बायकांची अडचण याहून खोल होती. औषध, डोळा, पाणी हे शब्द त्यांना सापडत होते, पण क्रियापदांचे लांब शेवट ऐकताना 'करा' आणि 'करू नका' यांतला फरक काही जणींच्या हातून निसटत होता. थेंब घालण्याबद्दल काहीतरी आहे, इतकंच त्या सांगायच्या. पाच मिनिटं त्यांच्यापैकी कुणाच्याही तोंडी आली नाहीत.

ही चाचणी केली नसती तर पुढचा सगळा वाद मतांवर झाला असता.

समोरचे पर्याय

रुग्णालयाच्या प्रशासनाला सगळ्यात सोयीचा पर्याय म्हणजे लेखी रूप ठेवून अवघड शब्द बदलणं. 'मरुत्तुवमनै'ऐवजी 'आस्पत्तिरि' घाला, 'निमिडम्'ऐवजी 'निमिषम्' घाला, बाकी तसंच राहू द्या. भाषांतरकारांनी तसा एक नमुना करून दिला आणि तो ऐकून समुपदेशक बाई म्हणाल्या की असं कुणीच बोलत नाही आणि असं कुणी लिहीतही नाही. बोली शब्दांना लेखी प्रत्यय लावले की वाक्य दोन्ही घरचं राहत नाही. शिवाय अडचण मुख्यतः प्रत्ययांतच होती.

दुसरा पर्याय पूर्ण बोली रूपाचा होता आणि तिथे प्रश्न आला की कुठली बोली? कोइंबतूरकडच्या कोंगू भागातलं बोलणं वेगळं, मदुरैचं वेगळं, तिरुनेलवेलीचं वेगळं, चेन्नईच्या वस्त्यांमधलं अगदीच वेगळं. त्यात जातीची छटा येते. 'या' म्हणताना 'वांगो' म्हटलं की बोलणारा ब्राह्मण घरातला आहे हे ऐकणाऱ्याला तिथल्या तिथे कळतं. आमच्या संदेशाने एका गावच्या रुग्णाला आपलं आणि दुसऱ्या गावच्याला परकं वाटायला लावलं असतं तर आम्ही एक भिंत पाडून दुसरी उभी केली असती. प्रत्येक भागासाठी वेगळा संदेश करायचा तर खर्च परवडणारा नव्हता, आणि शिवाय कुठल्या रुग्णाला कुठला संदेश जावा याची नोंद रुग्णालयाकडे नव्हती.

मार्ग मधून निघाला. वेगवेगळ्या भागांतली शिकलेली तमिळ माणसं एकमेकांशी बोलताना आपल्या गावाची आणि जातीची ठळक चिन्हं आपसूक टाळतात. त्यांचं जे बोलणं तयार होतं तेच चित्रपटांतून आणि नाटकांतून सगळीकडे पोचलेलं आहे. हॅरॉल्ड शिफमन या भाषाशास्त्रज्ञांनी त्याला प्रमाण बोली तमिळ म्हटलं आहे आणि त्याचं व्याकरणही लिहिलं आहे. हे रूप कुठल्या मंडळाने ठरवून दिलेलं नाही, त्यामुळे त्याच्या कडा धूसर आहेत. पण शेतमजूर बाईपासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळे ते रोज ऐकतात.

मालकांना एक भीती होती आणि ती रास्त होती. बोलीत सांगितलं तर वडीलधाऱ्या रुग्णांना अपमान वाटणार नाही का? त्यांना वाटत होतं की बोली म्हणजे एकेरी. मी त्यांना मराठीतलं उदाहरण दिलं. 'डोळा चोळू नये' हे पत्रकातलं, 'डोळा चोळू नका' हे बोलण्यातलं, आणि 'चोळू नको' हे एकेरी. आदर आणि औपचारिकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तमिळ बोलीतही 'वा' एकेरी आणि 'वांग' आदराचं आहे. 'वांग' म्हणून सासऱ्यांनाही बोलावतात.

भाषांतरकारांचा नकार

भाषांतरकारांनी बोली रूपात लिहायला साफ नकार दिला. त्यांनी त्याला 'कोच्चै' म्हटलं, म्हणजे गावंढळ, अशुद्ध. कार्यालयात एकदोघांना हा हटवादीपणा वाटला. मला तसं वाटलं नाही. ज्यांनी सारं आयुष्य मुलांना लेखी तमिळ शिकवलं, त्यांच्यासाठी ते रूप दोन हजार वर्षांच्या साहित्याशी असलेला धागा आहे. कागदावर बोली रूप लिहिलं की त्यांना जे खटकतं ते जवळजवळ प्रत्येक तमिळ वाचकाला खटकतं. आणि त्यांच्या म्हणण्यात एक व्यावहारिक मुद्दाही होता, तो आम्हाला नंतर चांगलाच जाणवला : बोली रूप लिहिण्याची ठरलेली पद्धतच नाही. एकच शब्द तीन माणसं तीन प्रकारे लिहितील.

आम्ही त्यांना आग्रह केला नाही. रुग्णाच्या हाती द्यायचं छापील पत्रक त्यांच्याकडे सोपवलं, लेखी रूपातच, मोठ्या अक्षरात. छापील पत्रक बोलीत असतं तर घरातल्या शाळकरी नातवालाही ते वाचताना अडखळायला झालं असतं. फोनसाठी दुसरा मार्ग शोधायचा होता.

कागदाशिवाय ध्वनिमुद्रण

पहिला प्रयत्न समुपदेशक बाईंनी बोली रूपात लिहून दिलेल्या मजकुरावर झाला. निवेदिकेने तो वाचला आणि निकाल विचित्र आला. शब्द बोलीतले, पण उच्चार वाचनाचे. बोलताना 'निमिषम्' किंवा 'विडणुम्' यांच्या शेवटचा 'म्' ओठ मिटून पूर्ण उच्चारला जात नाही, तो नाकातल्या स्वरात विरतो. निवेदिका मात्र अक्षर दिसलं की ओठ मिटत होती. दोन ठिकाणी तर समोर 'वांग' लिहिलेलं असताना तिच्या तोंडून 'वारुंगळ्' आलं. यात तिचा दोष नव्हता. तमिळ माणसाला कागद दिसला की जीभ लेखी रूपाकडे वळते, कारण शाळेपासून वाचणं म्हणजे तेच रूप.

म्हणून कागद काढून टाकला. रुग्णालयातल्याच एका शांत खोलीत ध्वनिमुद्रण ठेवलं. व्यावसायिक निवेदिकेऐवजी त्याच समुपदेशक बाई बोलल्या आणि त्यांच्यासमोर नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या एक आजी खरोखर बसवल्या. बाईंना फक्त मुद्दे तोंडी सांगितले होते. एका वेळी एकच मुद्दा : थेंब, मग पाच मिनिटं, मग दुसरा थेंब. त्यांनी तो आजींना सांगायचा, आजींनी मान डोलावली की पुढचा. आजी मध्येच 'चश्मा काढून झोपायचं का' असं विचारायच्या आणि बाई त्याचं उत्तर द्यायच्या. ते प्रश्न नंतर कापले, पण एका उत्तराचा इतका उपयोग होता की ते वेगळा संदेश म्हणून ठेवलं.

सुरुवातीचं एक वाक्य मात्र लेखी रूपातच ठेवायचं ठरलं आणि त्यावर बरीच चर्चा झाली. फसवणुकीचे फोन सगळ्यांना येतात. फोन खरंच रुग्णालयाचा आहे याचा भरवसा पहिल्या काही सेकंदांत बसायला हवा, आणि संस्थेने स्वतःची ओळख करून देणं हे तमिळमध्ये लेखी रूपाचंच काम आहे. म्हणून रुग्णालयाचं पूर्ण नाव एका पुरुषी आवाजात, लेखी रूपात, आणि लगेच बाईंचा आवाज : मी नर्स बोलतेय, काल तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना. आवाज बदलतो तिथेच रूप बदलत असल्यामुळे कानाला धक्का बसत नाही. एकाच आवाजात हे करून पाहिलं होतं, तेव्हा बाई मध्येच वेगळ्या माणसासारख्या वाटल्या होत्या.

इंदूरला संकलन करणाऱ्या मुलांना तमिळ येत नव्हतं. मग कुठला तुकडा बोलीतला आणि कुठला चुकून लेखी रूपात घसरलेला, हे त्यांनी ओळखायचं कसं? त्यांना कानाने पकडता येतील अशा दोन खुणा मी दिल्या. 'वेण्डुम्' असा सुटा, खणखणीत शब्द ऐकू आला तर तुकडा बाजूला काढा. वाक्याच्या शेवटी 'उंगळ्' असा ठसठशीत 'ळ्' आला तरी बाजूला काढा. या दोन खुणांवर त्यांनी काढलेले तुकडे मग बाईंनी फोनवर ऐकून तपासले. सगळं सापडत नाही, पण मोठे घसरे सापडतात.

मंजुरीचा पेच

रुग्णालयाच्या नियमाप्रमाणे रुग्णांना सांगायचा प्रत्येक शब्द लिखित स्वरूपात मंजूर व्हावा लागतो. नियम चांगला आहे, औषधाच्या सूचनेत चूक परवडत नाही. पण ध्वनिमुद्रणावरून उतरवून काढलेला बोली मजकूर जेव्हा वरिष्ठ डॉक्टरांच्या टेबलावर गेला तेव्हा त्यांनी तो लाल शाईने 'शुद्ध' करून परत पाठवला. प्रत्येक दुरुस्ती त्याला पुन्हा लेखी रूपाकडे नेत होती. गंमत अशी नव्हती की त्यांना बोली समजत नव्हती. ते स्वतः रुग्णांशी रोज तसंच बोलायचे. पण हातात कागद आला की ते वाचक झाले.

तोड अशी निघाली की वैद्यकीय बाजू कागदावर तपासायची, तीही इंग्रजी मुद्द्यांच्या यादीवर : कुठलं औषध, किती अंतर, कुठली लक्षणं. आणि भाषेची बाजू फक्त ऐकून तपासायची. डॉक्टरांनी डोळे मिटून ध्वनिफीत ऐकली आणि एकही दुरुस्ती सुचवली नाही.

काय झालं

समुपदेशक बाईंनी तीच चाचणी पुन्हा केली. या वेळी पाच मिनिटांची सूचना न शिकलेल्या आजींच्या तोंडीही आली, आणि 'करा' आणि 'करू नका' यांची गल्लत दिसली नाही. फोन कुणाचा होता असं विचारल्यावर 'नर्सबाईंचा' असं उत्तर यायला लागलं. काही रुग्णांनी तर फोनवरच उलट उत्तरं दिली होती, समोर मुद्रित आवाज आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. ही नवी अडचण होती. एखादी बाई फोनवर 'माझा डोळा दुखतोय' असं सांगून ऐकून घेतलं गेलं असं समजली तर धोका मोठा. म्हणून शेवटी एक वाक्य वाढवलं : हा आवाज भरून ठेवलेला आहे, तुमचं बोलणं मला ऐकू येत नाही, काही त्रास असेल तर या नंबरवर फोन करा. तेही बोलीतच.

तक्रारीही आल्या. काही रुग्णांच्या शिकलेल्या मुलांनी कळवलं की इतक्या नावाजलेल्या संस्थेने असं तमिळ वापरावं हे शोभत नाही. रुग्णालयाने त्यांना छापील पत्रक दाखवलं आणि फोन तसाच ठेवला. कावेरीच्या डेल्टा भागातल्या एका कुटुंबाने सांगितलं की बाई पश्चिमेकडच्या वाटतात. म्हणजे गावाची छटा पूर्ण गेली नव्हती. पण त्यांनी फोन शेवटपर्यंत ऐकला होता.

रुग्णांचे डोळे यामुळे अधिक चांगले बरे झाले का, हे मला सांगता येणार नाही, तशी मोजणी कुणी केली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

दुसऱ्या फेरीत एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या गेल्या. भाषेचं रूप बदललं, संदेश आखूड झाले आणि फोनची वेळ दुपारवरून संध्याकाळी नेली, कारण तेव्हा घरात कुणीतरी तरुण माणूस असतं. रुग्णांच्या दृष्टीने तिन्ही बदल चांगलेच. पण फोन शेवटपर्यंत ऐकले जाऊ लागले यातलं किती श्रेय भाषेचं आणि किती वेळेचं, हे आता वेगळं करता येत नाही. जुनेच संदेश आधी संध्याकाळी लावून पाहायला दोन आठवडे पुरले असते. करा आणि करू नका यांची गल्लत थांबली ती मात्र भाषेमुळेच, असं मला वाटतं, कारण ती चाचणी रुग्णालयातच, रुग्णाला समोर बसवून झाली होती आणि तिथे वेळेचा संबंध नव्हता.

दुसरी गोष्ट कामाच्या अर्जाची. कार्यालयाच्या अर्जात 'भाषा' असा एकच रकाना होता आणि त्यात 'तमिळ' लिहिलं की पुढची साखळी आपोआप चालू व्हायची. आता तिथे आणखी दोन प्रश्न आहेत : हे वाचलं जाणार की ऐकलं जाणार, आणि ऐकणारा शाळेत गेलेला असेलच का. सिंहली किंवा अरबी काम आलं तर हे प्रश्न तितकेच लागू होतात. त्यांची उत्तरं मात्र तमिळवरून उचलता येणार नाहीत. अरबीत मोरोक्कोची बोली आणि इराकची बोली एकमेकांपासून इतक्या दूर आहेत की तिथे सगळ्यांना चालेल अशी बोली निवडणं फार अवघड, आणि काही कामांत लेखी रूपच सगळ्यांना जोडणारं ठरू शकतं.

तिसरी गोष्ट अजून सुटलेली नाही. रुग्णालयाला आता तेच संदेश मोबाइलवर लिखित स्वरूपातही पाठवायचे आहेत. भाषांतरकार म्हणतात लेखी रूप, आणि पत्रकाचा अनुभव त्यांच्या बाजूने आहे. पण तरुण तमिळ माणसं मोबाइलवर एकमेकांना बोली रूपात, बहुतेकदा रोमन अक्षरांत लिहितात, आणि आजीचा फोन घरात वाचणारी तीच असतात. दोन्ही रूपांतले नमुने समुपदेशक बाईंकडे गेले आहेत. या वेळी चाचणी आजींवर न घेता त्यांच्या नातवंडांवर घ्यायची ठरली आहे : संदेश वाचा, आणि मग आजीला सांगून दाखवा.